तिसऱ्या कडव्यात हात का भरतो: १८४ बीपीएमच्या डाउनस्ट्रोकचं एक प्रकरण

कोल्हापुरातलं एक तिघांचं पंक बँड. गिटार, बेस, ड्रम्स. गाणं बेसवाला म्हणतो. सरावाची जागा उद्यमनगरातल्या एका शेडचा पोटमाळा. खाली लेथ मशीन, वर पत्रा. रात्री आठनंतर लेथ बंद होतात, मग यांचा आवाज सुरू होतो. ज्या गाण्यावर हे सगळं प्रकरण उभं राहिलं ते २ मिनिटं २० सेकंदांचं आहे. वेग १८४ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १८४ ठोके, प्रत्येक ठोक्याला दोन फटके, आणि सगळे फटके खालच्या दिशेने. अपस्ट्रोक एकही नाही.

तक्रार साधी होती. पहिलं कडवं तोफेसारखं जायचं, दुसऱ्यात गिटार जरा जड व्हायची आणि तिसऱ्या कडव्यात ती ड्रम्सच्या मागे पडायची. मग रोजचा संवाद ठरलेला.

"भावा, तू पुढं पळतोयस."

"मी तिथंच हाय. तूच मागं ऱ्हायलायस."

दोघांनाही आपण बरोबर असल्याची खात्री होती. गिटारवाल्याला आणखी एक गोष्ट माहीत होती, पण ती तो बोलत नव्हता: तिसऱ्या कडव्याच्या आसपास कोपराखालचा उजवा हात लाकडासारखा कडक व्हायचा. पैलवान म्हणतात तसा हात भरून यायचा.

आधी वाद मिटवायला हवा होता. फोन ड्रम्स आणि ॲम्पच्या मधोमध ठेवून संपूर्ण गाणं रेकॉर्ड केलं आणि प्रत्येक कडव्यातले सोळा ठोके घड्याळ लावून मोजले. ड्रम्स १८५ वर सुरू होऊन १८२ वर संपले, म्हणजे जवळपास जागेवरच. गिटार वेगळी ऐकल्यावर दिसलं की दुसऱ्या कडव्यात प्रत्येक मापाचा, म्हणजे चार ठोक्यांच्या गटाचा, शेवटचा फटका उशिरा पडतोय आणि तिसऱ्यात काही फटके गायबच आहेत. रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने ऐकलं तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. दोन फटक्यांच्या मध्ये एक पुसटसा, बारीक आवाज येत होता. तारा छेडायचं पिक वर परत येताना त्यांना घासत होतं. वादकाला वाटत होतं की तो फक्त खालीच मारतोय, पण थकलेला हात नकळत अर्धवट अपस्ट्रोक मारू लागला होता.

आकडे समोर ठेवले की अडचण स्पष्ट होते. १८४ च्या वेगाला मिनिटाला ३६८ फटके, म्हणजे सेकंदाला सहापेक्षा किंचित जास्त. दोन फटक्यांमधलं अंतर १६३ मिलिसेकंद. पूर्ण गाण्यात साधारण ८६० फटके. नवशिके इथे एक गोष्ट विसरतात. प्रत्येक डाउनस्ट्रोकला एक मुका परतीचा प्रवास जोडलेला असतो. हात खाली जातो तितक्याच वेळा वरही येतो. फक्त वर येताना आवाज करत नाही. म्हणजे १८४ ला सलग डाउनस्ट्रोक मारणाऱ्या हाताची हालचाल ही १८४ लाच एका ठोक्यात चार फटके वर-खाली मारणाऱ्या हाताइतकीच जलद असते. यावरून एक झटपट चाचणी मिळते. तारा डाव्या हाताने दाबून बंद करायच्या आणि त्याच वेगाला ठोक्यात चार असं वर-खाली खरडून पाहायचं. तेही जमत नसेल तर त्या वेगाचे डाउनस्ट्रोक मिळणं शक्य नाही. या गिटारवाल्याला ते आरामात जमत होतं. मूळ वेग हातात होता. मग तो जात कुठे होता?

पहिले तीन आठवडे त्याने स्वतःच्या डोक्याने उपाय केले होते. मेट्रोनोम १४० वर लावायचा आणि रोज दोन-दोन बीपीएम वाढवायचे. हाताच्या मुठीत दाबायची स्प्रिंग आणून रोज शंभर वेळा दाबायची. ॲम्पचा गेन वाढवायचा, म्हणजे आवाज तरी जाड लागेल. तिन्ही उपायांमागचा विचार एकच होता, की हातात ताकद कमी पडतेय. प्रत्यक्षात स्प्रिंगने तो आणखी बिघडला, कारण ती मूठ आवळायला शिकवते आणि इथे मूठ सोडायला शिकायचं होतं. मेट्रोनोमचा उपाय वाईट नाही, पण त्यात एक फट आहे. १४० ला मनुष्य कोपरातून अख्खा हात हलवूनही वाजवू शकतो. तीच हालचाल १८० ला चालत नाही. दोन-दोनने चढत गेलं की जी हालचाल पुढे टाकून द्यायची आहे तिचीच रोज पक्की तालीम होते.

खरं निदान एका वेगळ्या चाचणीने झालं. तेच गाणं, तोच वेग, पण परिस्थिती बदलून, आणि प्रत्येक वेळी हात भरून येईपर्यंतचे सेकंद मोजून. प्रत्येक प्रयत्नानंतर दहा मिनिटांची पूर्ण विश्रांती, नाहीतर आकड्यांना अर्थ उरत नाही.

घरी पलंगावर बसून, हेडफोन लावून, मेट्रोनोमच्या क्लिकबरोबर: २ मिनिटं १० सेकंद, म्हणजे जवळजवळ संपूर्ण गाणं. पोटमाळ्यावर उभं राहून, बँडबरोबर: ५५ सेकंद.

हा फरक ताकदीचा असू शकत नाही. हात तोच, पिक तेच, गाणं तेच. पलंग आणि पोटमाळा यांच्यात दोनच गोष्टी बदलत होत्या: गिटारची उंची आणि स्वतःचा आवाज ऐकू येणं.

आधी उंची. पट्टा इतका लांब सोडला होता की गिटारचा ब्रिज कमरेच्या पट्ट्याच्याही खाली, मांडीच्या वरच्या भागावर येत होता. अशा स्थितीत उजवा हात जवळपास सरळ होतो आणि पिक तारांशी योग्य कोनात आणायला मनगट आतल्या बाजूला वाकवावं लागतं. वाकलेलं मनगट मोकळेपणाने फिरत नाही. मग हालचाल वर सरकते, कोपर आणि खांदा कामाला लागतात, आणि तिथले स्नायू मोठे असले तरी सेकंदाला बारा वेळा दिशा बदलण्यासाठी जड पडतात. डाव्या हाताचीही तीच गत होते. नेक खाली गेल्यामुळे मनगट मोडून कॉर्ड धरावी लागते आणि अंगठा नेकवर जोरात दाबला जातो.

यावर गिटारवाल्याचा आक्षेप अपेक्षितच होता: जॉनी रामोनची गिटार तर गुडघ्याला टेकायची! खरं आहे. त्याच्या रामोन्स या अमेरिकन पंक बँडचा पहिला अल्बम १९७६ चा, आणि ३१ डिसेंबर १९७७ ला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्यांनी २८ गाणी साधारण ५४ मिनिटांत संपवली, गिटार तशीच खाली लोंबकळत ठेवून आणि जवळजवळ सगळे फटके खालीच मारत. शिवाय तो दोन-तीन तारांच्या पॉवर कॉर्डपेक्षा संपूर्ण बार कॉर्डच जास्त वाजवायचा, म्हणजे प्रत्येक फटका सहाही तारांवरून. तेव्हा खाली लटकलेल्या गिटारवर हे जमतच नाही असं म्हणता येणार नाही. पण तो रोज त्याच उंचीवर वाजवत आला होता. इथला मुलगा बसून सराव करतो आणि उभा राहून वाजवतो. म्हणजे एका माणसाला दोन वेगवेगळे हात लागतात आणि त्यातल्या एकालाच तालीम मिळते. गिटार खाली हवीच असेल तर सरावही उभं राहून, त्याच उंचीवर करावा. दोन्हीपैकी काहीही निवडा, पण एकच निवडा.

या मुलाने मधला मार्ग घेतला. पट्टा तीन भोकं वर, म्हणजे सुमारे आठ सेंटिमीटरने आखूड. ब्रिज आता बेंबीच्या थोडा खाली आला. दिसायला जरा सभ्य वाटतं, ही तक्रार तो अजूनही करतो.

दुसरी गोष्ट ऐकण्याची, आणि आपल्याकडे तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ॲम्प ४० वॉटचा, दहा इंची स्पीकरचा, जमिनीवर, त्याच्या पाठीमागे दीड मीटरवर. स्पीकरचा जाड, घुमणारा आवाज खोलीभर पसरतो, पण पिक तारेवर पडल्याचा टक् असा धारदार आवाज स्पीकरसमोर सरळ रेषेत जातो. ती रेषा इथे त्याच्या पोटऱ्यांवर येऊन आदळत होती. कानापर्यंत पोचत होती फक्त घरघर. त्यात जुलै महिना. कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की झांजांच्या आवाजात आणखी एक झांज मिसळते. स्वतःचा फटका ऐकू आला नाही की माणूस काय करतो? जोरात मारतो. हे ठरवून होत नाही, हात आपोआप करतो.

आणि इथेच गेनचा घोटाळा आहे. गेन दहापैकी आठवर असेल तर ॲम्प हलका फटका आणि जोराचा फटका यांना जवळजवळ सारख्याच मोठेपणाने बाहेर टाकतो. म्हणजे दुप्पट जोर लावूनही आवाज मोठा होत नाही, फक्त तार जास्त ताणली जाऊन क्षणभर सुरापेक्षा वर जाते आणि कॉर्ड बेसुरी लागते. ट्यूनर लावून जोरात मारलं तर हे दिसतं: सुई आधी वर उडते, मग जागेवर येऊन बसते. या गाण्यात तार बसायला वेळच मिळत नाही, पुढचा फटका आलेला असतो. थोडक्यात, त्याचे सगळे जादा कष्ट पाण्यात जात होते आणि वर सूरही बिघडत होता.

उपाय स्वस्तातला निघाला. दुधाचे दोन प्लॅस्टिक क्रेट एकावर एक ठेवले, त्यावर ॲम्प, पुढच्या कडेखाली लाकडाची पट्टी घालून थोडा मागे कलता केला, म्हणजे स्पीकरचं तोंड थेट त्याच्या कानाकडे आलं. गेन आठवरून पाचवर, बेस सातवरून चारवर, मिड तीनवरून साडेसहावर. ट्रेबलला हात लावला नाही. पहिल्यांदा ऐकल्यावर त्याला आवाज कोरडा आणि बारीक वाटला. एकटं वाजवताना तो तसाच वाटतो. बेस आणि ड्रम्स सुरू झाल्यावर मात्र तीच गिटार मधोमध उभी राहते, कारण खालची जागा बेसची आहे आणि गिटारने ती अडवून काही मिळत नाही.

मग एकेक बदल वेगळा करून पुन्हा सेकंद मोजले. फक्त पट्टा वर घेतल्यावर ५५ चे ८० सेकंद झाले. पट्टा पूर्वीसारखा ठेवून फक्त ॲम्प वर घेतल्यावर ८५. दोन्ही एकत्र केल्यावर १ मिनिट ५० सेकंद. एकाही दिवसाचा जादा सराव न करता वेळ दुप्पट झाली. उरलेला अर्धा मिनिट मात्र हातातच शोधायचा होता.

त्यासाठी फोनच्या मंद गतीच्या चित्रीकरणाचा उपयोग झाला. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा असेल तर या वेगाला एका फटक्याची सुमारे ३९ चित्रं मिळतात, म्हणजे पिकचा सगळा मार्ग दिसतो. फोन ब्रिजच्या बाजूला, तारांच्या पातळीवर टेकवून ठेवायचा. दिसलं ते असं: बसून वाजवताना पिक तिसऱ्या जाड तारेच्या थोडं पुढे जाऊन थांबत होतं. उभं राहून, बँडबरोबर, तेच पिक सहाही तारा ओलांडून आणखी दोन बोटं खाली जात होतं. तीन तारांची पॉवर कॉर्ड वाजवायला ब्रिजपाशी जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा प्रवास पुरतो. तो आठ सेंटिमीटर करत होता, आणि तेवढंच परत यायचं होतं. उरलेल्या तीन पातळ तारा डाव्या तर्जनीने झाकलेल्या असल्यामुळे त्यांच्यातून सूर येत नव्हता, नुसता चटचट आवाज यायचा. हा चटचटाट थोडा असला तर पंकला शोभतो. पण त्यासाठी चौपट प्रवास करणं परवडत नाही.

प्रवास कमी करायला "कमी हलव" असं सांगून भागत नाही. हात घाबरून आखडतो आणि आणखी कडक होतो. त्याऐवजी पिक धरण्यापासून सुरुवात केली. तो दीड मिलिमीटरचं जाड पिक वापरत होता आणि त्याचं टोक बोटांबाहेर जवळजवळ आठ मिलिमीटर निघालेलं होतं. जाड पिक वाकत नाही. टोक जास्त बाहेर असलं तर ते तारेत खोल रुततं, आणि रुतलेलं पिक हातातून निसटू नये म्हणून मूठ आवळावी लागते. पावसाळ्याच्या दमटपणात घामाने पिक सरकतं, की मूठ आणखी घट्ट. तो कडकपणा मग मनगटातून कोपरापर्यंत चढतो. बदल असे केले: ०.७३ मिलिमीटरचं, खरबरीत पृष्ठभागाचं पिक. टोक बाहेर चार मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. अंगठ्याचं पेर आणि तर्जनीची बाजू यांत धरायचं, बाकीची तीन बोटं मिटलेली पण सैल. पिक तारेवर सपाट न पाडता थोडं तिरकं, कडेने, म्हणजे ते तारेवरून घसरून जातं. ०.४६ चं अगदी पातळ पिकही त्याने वापरून पाहिलं. ते हाताला हलकं लागतं, पण या वेगाला मागे वाकून उशिरा सुटतं आणि फटक्याची धार जाते.

हालचालीसाठी नळाखाली धुतलेल्या हाताचं पाणी झटकताना मनगट कसं सुटतं, ते त्याला आधी गिटारशिवाय करायला लावलं. त्यात कोपर जवळपास स्थिर असतो, कोपराखालचा हात किल्ली फिरवल्यासारखा किंचित वळतो आणि मनगट त्याच्यामागून येतं. कोल्हापुरात यासाठी उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवणाऱ्याच्या पातळ काडीकडे बघावं. आवाज मैदानभर जातो, पण काडी जेमतेम वीतभर हलते आणि हात कुठेही कडक दिसत नाही.

परतीचा मार्ग हा दुसरा मुद्दा. खाली मारून झाल्यावर पिकने तारांच्या पातळीतून किंचित बाहेर, अंगापासून दूर निघून हवेतून वर यायचं असतं. छोटासा चपटा गोल. ते तारांमधूनच परत आलं तर तो पुसट अपस्ट्रोक ऐकू येतो, जो रेकॉर्डिंगमध्ये सापडला होता. पिकचं टोक जरासं खालच्या, जमिनीच्या बाजूला कललेलं ठेवलं तर खालचा फटका संपता संपता ते आपोआप तारांबाहेर पडतं. हे कलणं इतकं थोडं असतं की समोरच्याला दिसतही नाही. तपासणी कानानेच करायची: अर्ध्या वेगाने रेकॉर्डिंग ऐकायचं, मधला आवाज नाहीसा झाला की मार्ग सुटला.

डाव्या हाताचा भाग तुलनेने लहान, पण उजव्याला थकवणारा. कडव्यात पाचव्या पडद्यावर सहाव्या तारेपासून ए ची कॉर्ड दोन मापं, मग त्याच पडद्यावर पाचव्या तारेपासून डी ची एक माप आणि सातव्या पडद्यावर ई ची एक माप. तर्जनी मूळ सुरावर, करंगळीच्या बाजूची दोन बोटं दोन पडदे पुढे, पंचम आणि वरचा षड्ज. मूळ सूर पाचव्या तारेवर गेला की सहावी तार तर्जनीच्या टोकाने नुसती स्पर्श करून बंद ठेवायची असते. ते न झाल्यामुळे तो उजवा हात जपून, पाचव्या तारेपासून सुरू करायचा प्रयत्न करत होता. सेकंदाला सहा फटक्यांत असा नेम धरणं म्हणजे विनाकारण ताण. टोक सहाव्या तारेला टेकवायला शिकल्यावर उजवा हात दोन्ही कॉर्डना जवळपास एकाच जागेवरून मारू लागला.

दाबही जास्त होता. एका हाताची मूठ आवळली की दुसराही हात नकळत आवळतो, हे कुणीही करून पाहू शकतं. किती दाब पुरतो हे शोधायची रीत अशी: कॉर्डवर बोटं नुसती ठेवून मारत राहायचं, दाब हळूहळू वाढवायचा आणि स्वच्छ सूर लागला की तिथेच थांबायचं. तो याच्या कितीतरी पटीने दाबत होता.

कॉर्ड बदलताना १६३ मिलिसेकंदांत बोटं उचलून नव्या जागी नेऊन दाबणं घाईचंच असतं. त्यामुळे मापाच्या शेवटाशी गिटार उशिरा जात होती: आठवा फटका पूर्ण वाजवून मगच तो हात हलवायचा. त्याला उलट सवय लावली. आठव्या फटक्याला डावा हात दाब सोडून सरकायला लागलेला असू दे, तो फटका बुजलेला "चक" असा वाजू दे, पण पुढच्या मापाचा पहिला फटका वेळेवर पडला पाहिजे. कान बुजलेला आठवा माफ करतो. उशिरा आलेला पहिला करत नाही. बोटांचा आकार मोडायचा नाही, तोच साचा नेकवर सरकवायचा.

तारांबद्दल थोडक्यात. त्याच्या तारा ९–४२ च्या, म्हणजे पातळ संचाच्या होत्या आणि ट्यूनिंग अर्धा सूर खाली. इतक्या सैल तारेत पिक बुडतं आणि परत येणारी तार पुढच्या फटक्याला जागेवर सापडत नाही. ट्यूनिंग तेच ठेवून त्याहून जाड, १०–४६ चा संच चढवला. ताण वाढल्यामुळे नेक थोडा पुढे वाकला, म्हणून नेकच्या आतला ट्रस रॉड पाव फेरा घट्ट करून एक दिवस तसाच ठेवला आणि मग पुन्हा तपासला. पावसाळ्यात दमट हवेनेही नेक हलतो, त्यामुळे इथे एका बैठकीत अर्धा-एक फेरा फिरवायची घाई करू नये.

सरावाची पद्धत पूर्ण बदलली. हळूहळू चढण्याऐवजी मूळ वेगालाच, पण तुकड्यांनी. पहिल्या आठवड्यात १८४ ला एक माप वाजवायचं, म्हणजे आठ फटके, आणि एक माप हात खाली सोडून द्यायचा. असे दहा वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा दहा. आठ फटक्यांत हात भरून यायला वेळच मिळत नाही, त्यामुळे सैल हाताची हालचालच पक्की होते. दुसऱ्या आठवड्यात दोन मापं वाजवून एक विश्रांती, तिसऱ्यात चारला एक, चौथ्यात आठला एक. पाचव्या आठवड्यात सोळा मापं सलग, म्हणजे सुमारे एकवीस सेकंद. सगळं उभं राहून, ठरलेल्या पट्ट्यावर. रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. नियम एकच आणि कडक: हात आवळला जातोय असं वाटलं की तुकडा तिथेच थांबवायचा, ओढून पुरा करायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात तो अडकला. चार मापांच्या शेवटी प्रवास पुन्हा मोठा होत होता. तेव्हा एक पायरी मागे जाऊन तीन दिवस दोन मापांवरच काढले, मग सुटलं.

दुखण्याबाबत एक रेषा पहिल्याच दिवशी आखली होती. कोपराखालच्या मांसल भागात जळजळ होणं आणि एक-दोन मिनिटांत निवळणं हा थकवा. कोपराच्या हाडापाशी टोचणं, करंगळीला मुंग्या, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजाची कडी फिरवताना दुखणं हा थकवा नाही. तिथे सराव बंद करून डॉक्टरांकडे जायचं. या प्रकरणात तशी वेळ आली नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी बँडबरोबर, उभं राहून, पूर्ण २ मिनिटं २० सेकंद झाले. रेकॉर्डिंगमध्ये मधले घासलेले आवाज शेवटच्या दहा-बारा मापांतच पुसटसे होते आणि गिटार ड्रम्सच्या मागे कुठेही पडली नव्हती.

मग पहिला कार्यक्रम झाला आणि पुन्हा तिसऱ्याच कडव्यात हात भरला. चित्रफितीवरून ठोके मोजले तर ड्रमरने गाणं १९३ वर सुरू केलं होतं. स्टेजवर रक्त उसळतं आणि काउंट जलद जातो, हे सगळ्यांचंच होतं. नऊ बीपीएम ऐकायला किरकोळ वाटतात, पण अंतर १६३ वरून १५५ मिलिसेकंदांवर येतं आणि काठावर असलेला हात तेवढ्याने घसरतो. दोन बदल केले. ड्रमरच्या हाय-हॅटशेजारी फोनवर लुकलुकणारा मेट्रोनोम ठेवला, फक्त काउंट घेण्यापुरता. आणि गिटारच्या सरावात शेवटचे तुकडे १९६ ला नेले, आठ मापांचे, म्हणजे थोडी शिल्लक हाताशी राहील.

एक गाणं मात्र सुटलं नाही. सेटमधलं शेवटचं, २०८ चं. आठ मापांपर्यंत ठीक, पुढे प्रवास फुगतो आणि मधले अपस्ट्रोक परत येतात. तिथे सरळ वर-खाली वाजवण्याचा पर्याय होता आणि तोही वाजवून पाहिला. खालचा फटका आधी जाड तारेला लागतो, वरचा आधी पातळ तारेला. म्हणून एक फटका जाड आणि एक चपटा, अशी लंगडी चाल ऐकू येते. काही गाण्यांना ती शोभते, याला शोभत नव्हती. तिघांनी मिळून गाणं १९६ वर आणलं. ड्रमरला ते सुरुवातीला पटलं नाही. रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी ठेवल्यावर १९६ चं जास्त जलद वाटलं, कारण त्यातले सगळे फटके जागेवर होते.

गाण्यांचा क्रमही त्यानंतर बदलला. पूर्वी चार जलद गाणी सलग होती. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या जलद गाण्यामध्ये १५२ चं एक गाणं आहे, ज्याच्या कडव्यात गिटार दोन-दोन मापं थांबते. तेवढ्या वेळात उजवा हात खाली सोडून झटकायचा, पिक पुन्हा नीट धरायचं, आणि ॲम्पचा गेन कुणी वाढवला नाही ना, ते बघायचं.